केक आल्या आल्या कापायचा की जेवण झाल्यावर?

रेवा_ठाणे: येत्या शनिवारी आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होताहेत. ठाण्यातल्याच एका प्युअर व्हेज रेस्टॉरंटमध्ये रात्री ८ चं ११ जणांचं टेबल सांगितलंय, त्यांना वाटतंय आपण नुसतं जेवायला जातोय. केक बाहेरून नेणार. दादा म्हणतो आल्या आल्या कापून मोकळं व्हा, मला वाटतं जेवण झालं की लाइट घालवून आणावा. कोणाचं बरोबर? आणि हॉटेलवाल्यांना नक्की काय सांगून ठेवायचं?

खादाड_नाशिककर: दादाचं. आम्ही सासूसासऱ्यांच्या पंचविशीला जेवणानंतर ठेवला होता, तोवर सगळे इतके टम्म की दीड किलोतला किलोभर तसाच घरी, आणि दोन दिवस नाश्त्याला केक. शिवाय वेटर बिलांच्या गडबडीत, केक मागवल्यावर पाऊण तास नुसते बसून होतो, सासरे तर चपला घालून तयार. एक मात्र करा, केक अर्धा तास आधी नेऊन द्या आणि डीप फ्रीझरमध्ये टाकायला सांगा म्हणजे क्रीम टाइट राहतं.

जुना_कॅप्टन: आधी नेऊन द्या हे अगदी बरोबर, फ्रीझरचं मात्र ऐकू नका. फ्रेश क्रीमचा केक फ्रीझरमध्ये राहिला की आतून कडक होतो, सुरी जात नाही आणि बाहेर काढला की वरून पाणी सुटतं, नावाची अक्षरं पसरतात. साध्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा आणि बॉक्स बंदच ठेवा. किचनच्या फ्रिजमध्ये आलं-लसणाची पेस्ट, चिरलेला कांदा असतो, क्रीम तो वास पटकन धरतं. पायनॅपल केकला कांद्याचा वास आलेला मी स्वतः सर्व्ह केलाय, कस्टमर काही बोलले नाहीत पण एक घास खाऊन ठेवला. आणि प्युअर व्हेज आहे तर केक एगलेस हवा, बऱ्याच ठिकाणी दारातच विचारतात. बाहेरच्या केकचा चार्ज लावतात का तेही आजच विचारून ठेवा.

आता वेळेचं. नऊ वर्षं पुण्यात कॅप्टन होतो, माझ्या मते दादाही चुकतोय आणि तुम्हीही. आल्या आल्या करायला गेलात तर ११ जण एकदम कधीच येत नाहीत, कुणीतरी पार्किंग शोधत असतं, मग त्यांच्यासाठी केक पुन्हा आत. जेवणानंतर म्हणाल तर शनिवारी पावणेदहाला बाहेर वेटिंगवाले उभे, आत बिलं, पार्सलं, तुमच्या टेबलाकडे चार पोरं एकदम कुठून आणणार. मधली जागा बरोबर. स्टार्टरच्या प्लेटी उचलल्या, मेन कोर्सची ऑर्डर आत गेली, त्यानंतर भाज्या यायला वीसेक मिनिटं लागतातच. टेबल पुसून स्वच्छ असतं, लोकं अर्धपोटी खुशीत असतात, फोटोत उष्ट्या वाट्या येत नाहीत.

स्टाफला घड्याळाची वेळ देऊ नका. "पावणेनऊला आणा" सांगितलं की पावणेनऊला नेमकं बाबांच्या तोंडात हराभरा कबाब असतो. असं सांगा, "मेन कोर्सची ऑर्डर मी देणार, ती घेतलीत की केक फ्रिजमधून काढा, दहा मिनिटांनी आणा." ऑर्डर तुम्हीच द्यायची, म्हणजे खूण तुमच्या हातात. आणि हे फोनवर बुकिंग घेणाऱ्याला सांगून उपयोग नाही, तो काउंटरवरचा, त्याची ड्यूटी संपलेलीही असेल. संध्याकाळी केक द्यायला जाल तेव्हा तुमच्या टेबलाचा कॅप्टन कोण ते विचारून त्यालाच सांगा. मेणबत्त्या, लायटर, सुरी बॉक्सला चिकटवून द्या. माचीस शोधण्यात केक दारात थांबतो आणि सगळं हॉटेल बघत बसतं.

अनिकेत०७: कॅप्टनसाहेब, राग मानू नका पण हे तुमच्या सोयीचं झालं, पाहुण्यांच्या नाही. तिखट कबाब, मग गोड क्रीम, मग परत कोल्हापुरी आणि रोटी? आमच्या घरी अशाने अर्धे लोक मेन कोर्स खातच नाहीत, ऑर्डर केलेलं वाया. रेवा, तू म्हणतेस तसं शेवटीच कर, आइस्क्रीमची ऑर्डर देऊ नकोस, केक हेच स्वीट.

जुना_कॅप्टन: राग कसला, आमच्या सोयीचं आहेच. पण आमची सोय नसली की पाऊण तास थांबावं लागतं, वर लिहिलंय बघा. मधे कापायचा, आईबाबांनी एकमेकांना एक घास भरवायचा, बाकीचा केक आत पाठवायचा, शेवटी तोच पीस करून येतो. मंगळवारी चार जणांचं टेबल असतं तर मीही शेवटी म्हटलं असतं.

सुमामावशी: मला एक कळत नाही, शुभ दिवशी फुंकर मारून दिवा विझवायचा कशाला, त्यापेक्षा औक्षण करावं. रेवा बाळा, घरीच कर ना, मी तुला वीस माणसांची बासुंदी-पुरी कशी करायची ते सांगते, आदल्या दिवशी दूध आटवून ठेवलं की काम सोपं.

रेवा_ठाणे: मावशी बुकिंग झालंय हो 🙂 पण औक्षणाचं आवडलं. निरांजन नेलं तर चालेल का?

जुना_कॅप्टन: विचारून न्या, मिनिटभराला सहसा नाही म्हणत नाहीत. पण ते कारंज्यासारखी ठिणग्या उडवणारी मेणबत्ती नेऊ नका. एसी हॉलमध्ये धूर कोंडतो, राख क्रीमवर पडते आणि वरचा थर खरवडून टाकावा लागतो. ४ आणि ० च्या साध्या मेणबत्त्या पुरे. टेबल एसीच्या झोताखाली नको, आईबाबांची पाठ किचनच्या दाराकडे हवी.

मीनल_के: बुकिंग कुणाच्या नंबरवर आहे ते पण बघ!! आमच्या आईच्या साठीला बाबांनी स्वतःच्या नंबरवरून केलं, फॉर्ममध्ये ऑकेजन टाकलं, आणि दारातल्या मुलीने हसतमुखाने "हॅपी बर्थडे मॅम, टेबल रेडी आहे". झालं सरप्राइज. त्या मुलीची काय चूक, तिला स्क्रीनवर जे दिसलं ते बोलली.

अनिकेत०७: मुळात सत्तरीच्या माणसांना सरप्राइज हवं असतं का? आमचे बाबा अर्धा डझन वेटर टाळ्या वाजवत आले तेव्हा लाजून चूर झाले होते, आई नंतर म्हणाली आधी सांगितलं असतंस तर चांगली साडी नेसले असते.

खादाड_नाशिककर: साडीचा मुद्दा बरोबर आहे राव 😂

रेवा_ठाणे: (रविवारी) झालं एकदाचं. मी साडेपाचला जाऊन कॅप्टनदादांना गाठलं, टाळ्या नको, गाणं आम्हीच म्हणू असं पण सांगितलं. मधेच कापला. दादाने ऐनवेळी हौसेने मेन कोर्सची ऑर्डर स्वतःच दिली, तीही पहिल्या स्टार्टरसोबतच, त्यामुळे केक कबाबांच्या प्लेटी तशाच असताना आला. ० ची मेणबत्ती एसीने दोनदा विझली, शेवटी काकाने मेन्यूकार्ड आडवं धरलं. फुंकर कोणी मारली नाही, आत्याने निरांजनाने ओवाळलं. आणि हो अनिकेत, साडीसाठी मी आईला "शेजारच्या टेबलवर दादाचे बॉस येणारेत" सांगितलं होतं, ती अजून विचारतेय ते आले का नाहीत.

अनिकेत०७: केक संपला का पण?

रेवा_ठाणे: अर्धा किलो उरला. तुझाही मुद्दा जिवंत आहे.