बासमती पातेल्यात: पाणी मोजून की वेळून?

अनया_त
कुकर बाजूला ठेवून बोलूया. पातेल्यात बासमती करायचा तर भरपूर पाण्यात उकळून वेळावा, म्हणजे उरलेलं पाणी ओतून काढावं, हे माझं मत. पाणी मोजून घातलेला भात दोघातिघांपुरता चांगला होतो, दहा माणसांचा केला की गिच्च होतो. सासूबाई म्हणतात, वेळला की वासच पाण्याबरोबर जातो, मग महागाचा तांदूळ आणायचा कशाला? आणि भिजवायचा किती वेळ? कोणी वीस मिनिटं सांगतं, कोणी दोन तास.

सोनचाफा
सासूबाईंचं बरोबर आहे. बासमतीची किंमत वासासाठी मोजतो, तो मोरीत ओतायचा? वाटीला दोन वाट्या पाणी हे प्रमाण आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. दहा माणसांचा भात गिच्च होतो याचा अर्थ तांदूळ नवा असणार. जुना आणा. भिजवायचा मात्र चांगला तासभर, जितका भिजेल तितकं शीत लांब होतं.

भोजनालय_नाशिक
तांदूळ जुना असावा हे खरं. पण अनयाताईंचा भात बिघडतो तो दुप्पट पाण्याच्या हिशेबामुळे.

पातेल्यात घातलेलं पाणी दोन वाटांनी जातं. काही दाण्यात जातं, काही वाफ होऊन उडतं. दाण्यात जाणारं पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढतं. उडणारं पाणी पातेल्याचं तोंड किती रुंद, झाकण किती घट्ट आणि गॅसवर किती वेळ, यावर ठरतं. आत एक वाटी तांदूळ असो की चार, त्याला फारसा फरक पडत नाही.

पाव लिटरचं माप धरा. त्यात साधारण 200 ग्रॅम बासमती मावतो. भिजवून निथळलेल्या एका मापाला दाण्यात मुरायला जवळपास एक माप पाणी पुरतं. माझ्या मधल्या आकाराच्या पातेल्यात, झाकण ठेवून, साधारण अर्धं माप वाफेवाटे जातं. म्हणजे एका मापाला दीड. चार मापांना चार अधिक अर्धं, उकळी यायला जास्त वेळ लागतो म्हणून वर थोडं, असं पावणेपाचपर्यंत. दुपटीच्या हिशेबाने तुम्ही आठ घालता. ती तीन-सव्वातीन मापं जाणार कुठे? आटेपर्यंत दाणा फुटतो आणि भात गिच्च होतो. एका मापाला दोन घातलं तर अर्धंच माप जास्त होतं, आच थोडी मोठी असली की तेही उडून जातं. म्हणून दोघातिघांचा भात जमतो.

आपल्या पातेल्याचा हिशेब काढायचा तर त्यात दोन मापं पाणी घ्या, नेहमीचं झाकण ठेवा, भाताला देता तेवढाच वेळ तेवढीच आच द्या. उरलेलं पाणी मोजा. कमी भरेल तेवढं तुमचं वाफेचं पाणी. ते एकदाच धरायचं, दर मापाला नाही.

सोनचाफा
मग जुना तांदूळ जास्त पाणी पितो, ते खोटं?

भोजनालय_नाशिक
खोटं नाही. वर्ष-दोन वर्षं मुरलेल्या तांदळाला मापामागे थोडं जास्त लागतं, आणि तो चिकटही कमी होतो. नव्या पोत्याला मी हात आखडूनच पाणी घालतो. पण तो फरक मापामागे काही चमच्यांचा. चाराला आठ लागावं इतका कुठलाच तांदूळ जुना नसतो.

तळकोकण
आमच्याकडे भात वेळलेलाच. आधणात तांदूळ वैरायचे, शिजले की तोंडावर वेळणी धरून पातेलं कलतं करायचं आणि पेज वेगळी काढायची. तीत मीठ आणि चमचाभर तूप, सोबत लोणचं. उकडा तांदूळ भिजवतो कोण? धुतला की थेट आधणात. आणि पेज काढली की भातातली साखर निघून जाते. माझे वडील मधुमेही, वेळलेला भात खाऊन त्यांचं व्यवस्थित चाललंय.

अनया_त
दादा, उकड्याची गोष्ट वेगळी. माझा प्रश्न बासमतीचा आहे. पण पेज टाकू नये हे तुमचं पटलं, मी आजवर ती झाडांना घालत होते.

भोजनालय_नाशिक
उकडा तांदूळ टरफलासकट उकडून मग कांडलेला असतो, त्याचा दाणा आतून घट्ट झालेला असतो. तो रटरटून शिजवला तरी फुटत नाही, म्हणून वेळायला फार सोयीचा. बाजारात सेला बासमती मिळतो तोही उकडाच, पिवळसर दिसतो. पुलावाचे कॅटरर तो घेतात कारण शीत मोडत नाही. त्याला मात्र तास-दीड तास भिजवणं लागतं. अनयाताई, तुम्हाला दोन तास सांगणारे बहुधा सेला वापरत असावेत.

साखरेबद्दल मात्र माझा विरोध आहे. पेजेत जातं ते दाण्यावरचं आणि कडेचं पिठूळ, एकूण पिष्टाचा लहानसा भाग. बाकी सगळं शितातच राहतं. ब जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, ती मात्र पेजेबरोबर बरीच जातात. वडिलांचा भात ताटात किती वाढला जातो ते बघा. फरक तिथे पडत असेल.

तळकोकण
ताटात पूर्वीपेक्षा कमीच वाढतो, ते खरं. पण मशीनवरचे आकडे आम्ही रोज पाहतो, त्यामुळे वेळणं काही सोडणार नाही. आणि पेज आम्ही पितो, टाकत नाही.

भोजनालय_नाशिक
पेज पीत असाल तर त्यात गेलेलं पिष्टही पोटातच जातं.

दुबईकर_वहिनी
भिजवण्याबद्दल लिहिते. माझ्या शेजारी इराणी कुटुंब आहे. त्या काकू तांदूळ मिठाच्या पाण्यात कित्येक तास ठेवतात, कधी रात्रभर. मग भरपूर खारट आधणात थोडा वेळ उकळून चाळणीत ओततात. पातेल्याच्या तळाशी तूप किंवा तेल, वर तांदळाचा ढीग, झाकणाला फडकं गुंडाळून मंद आचेवर वाफ. तळाची सोनेरी खरपुडी त्यांच्याकडे मानाची, तिला तहदीग म्हणतात. एकेक शीत सुटं, एकही मोडलेलं नाही. मग अर्ध्या तासापेक्षा जास्त भिजवू नये असं जे सगळीकडे वाचते, ते कशाच्या आधारावर?

भोजनालय_नाशिक
वहिनी, तुमचं उदाहरण माझ्या मताला आडवं जातं, पण ते खरं आहे, इराणी पद्धत तशीच आहे.

माझं म्हणणं असं. साध्या पाण्यात बासमती पहिल्या वीस-तीस मिनिटांत बहुतेक पाणी पिऊन घेतो. 200 ग्रॅम तांदूळ निथळल्यावर 250 ते 260 ग्रॅम भरतो. त्यानंतर वजन फारसं वाढत नाही. म्हणून तासभर भिजवून शीत आणखी लांब होतं, हे सोनचाफाताईंचं मत मला पटत नाही. पाणी गार असेल तर वेळ थोडा जास्त लागतो, कोमट असेल तर कमी. घड्याळापेक्षा दाणा बघावा. काचेसारखा असतो तो खडूसारखा पांढरा दिसायला लागतो, आणि नखाने दाबला की कट्‌कन न वाजता सहज तुटतो. तेव्हा भिजला समजायचं.

न भिजवलेला दाणा आधणात पडला की बाहेरून लगेच शिजतो, गाभा कोरडा राहतो. गाभा शिजेपर्यंत बाहेरचा भाग फुटतो. भिजलेल्या दाण्यात पाणी आधीच गाभ्यापर्यंत पोचलेलं असतं, तो सगळीकडे एकदम शिजतो आणि लांबीला वाढतो. कमी वेळात शिजतो म्हणून वासही जास्त टिकतो, कारण बासमतीचा वास उडून जाणारा आहे.

जास्त भिजवण्याचा तोटा हा, की दाणा ठिसूळ होतो. आपण नंतर खळखळून धुतो, हाताने चोळतो, पळी फिरवतो, तिथे तो मोडतो. काकू बहुधा भिजल्यानंतर तांदळाला हातच लावत नसतील. मिठाने त्यात काय होतं, हे मी ठामपणे सांगणार नाही.

दुबईकर_वहिनी
हात लावत नाहीत हे खरं. धुणं आधीच उरकतात, पाणी निवळ येईपर्यंत. नंतर थेट आधणात सोडतात. त्या 1121 वापरतात, आपल्याकडचाच.

भोजनालय_नाशिक
मग कोडं निम्मं सुटलं. पुसा 1121 ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची जात, 2003 सालची. कच्चा दाणाच एवढा लांब की शिजल्यावर दोन सेंटिमीटरच्या आसपास जातो. वेळायला उत्तम. वास मात्र जुन्या देहरादूनी बासमतीइतका मला कधी आला नाही.

सोनचाफा
पाहा, म्हणजे वासाचा प्रश्न आहेच. दादा, तुम्ही भोजनालयात काय करता ते सांगा.

भोजनालय_नाशिक
किलोपर्यंत मोजून, त्यापुढे वेळून. मोजलेल्या पाण्याचा भात उंच थराचा झाला की खालचा थर वरच्या वजनाने दबतो आणि गळतो, वर मात्र कणी राहते. ढवळावं तर शीत मोडतं. भरपूर पाण्यात हा त्रास नाही, दाणे सुटे नाचत शिजतात.

मोजून करताना आधण आधी उकळवतो, मग निथळलेला तांदूळ वैरतो, एकदाच हलक्या हाताने हलवतो. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि वर भोकं दिसली की आच अगदी बारीक, झाकण घट्ट, आठ ते दहा मिनिटं. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. तळाशी करपल्याचा वास येत असेल तर पातेल्याचं बूड पातळ आहे, खाली तवा ठेवा.

वेळताना पाणी तांदळाच्या पाच-सहा पट आणि मीठ चवीला किंचित जास्त, कारण बरंचसं वाहून जातं. भिजलेला बासमती पाच ते सात मिनिटांत होतो. चौथ्या मिनिटापासून शीत चिमटीत दाबून पाहायचं. मध्ये बारीकशी कणी जाणवतेय तेवढ्यात चाळणीत ओतायचा आणि परत पातेल्यात टाकून झाकणाखाली पाच मिनिटं ठेवायचा, उरलेलं त्याच्याच वाफेत होतं. पूर्ण शिजल्यावर वेळलात तर ताटात येईपर्यंत तो मऊ पडतो. बिर्याणीला दम द्यायचा असतो, म्हणून आणखी दोनेक मिनिटं आधी काढतात.

अनया_त
म्हणजे दहा माणसांचे 800 ग्रॅम तुमच्या हिशेबाने मोजूनही होतील, पावणेपाच मापांत. ते करून बघेन. पण पाहुणे जेवायला बसायची वेळ ठरलेली नसते. वेळताना शीत दाबून कधी काढायचं ते माझ्या हातात असतं, मोजलेल्या भातात झाकण उघडेपर्यंत काही कळत नाही. त्यामुळे माणसं जास्त असली की मी वेळणारच.

सोनचाफा
आणि मी चार वाट्यांना पावणेपाच वाट्या घालून बघते. पण अनया, एकदा दोन्ही भात शेजारीशेजारी करून सासूबाईंना डोळे मिटून वास घ्यायला सांग. त्यांनी वेळलेला ओळखला नाही तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

अनया_त
त्या ओळखतील. माझ्या नाकालाही थोडा फरक जाणवतो. पण तो वरण वाढेपर्यंतच.