दोन सिग्नल, एक एफएफटी : ही युक्ती परीक्षेपुरतीच आहे का?

नवा_फर्मवेअर
दोन रिअल सिग्नल एका कॉम्प्लेक्स सिग्नलमध्ये जोडायचे आणि एकाच एफएफटीतून दोघांचे फ्रिक्वेन्सीनुसार घटक काढायचे, ही ती युक्ती. माझ्याकडे x म्हणजे व्होल्टेज, y म्हणजे करंट, दोन्ही 50 हर्ट्झचे. `z = x + j*y` करून एकच एफएफटी मारली तर दोघांचं 50 हर्ट्झ एकाच बिनमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एकाच खणात पडतं. तिथे मिसळलं की वेगळं कसं काढणार? फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतील तरच हे चालेल. माझ्या मते ही युक्ती पाच मार्कांपुरती आहे. प्रॉडक्टमध्ये सरळ दोनदा चालवावी.

मीटरवाला
हे वाचून राहवलं नाही. मी बारा वर्षं मीटरचं फर्मवेअर लिहितोय आणि हा गैरसमज दर दोन वर्षांनी कोणीतरी नव्याने घेऊन येतं.

मिसळतं हे खरं. पण दोन ठिकाणी मिसळतं, आणि दोन्हीकडे वेगळ्या रीतीने. समजा 5120 हर्ट्झने 1024 सॅम्पल घेतली. 50 हर्ट्झ बिन 10 मध्ये पडेल आणि त्याचा आरसा बिन 1014 मध्ये. रिअल सिग्नलचा आरसा म्हणजे त्याचाच कॉन्जुगेट. करंटला आपण आधीच `j` ने गुणलंय, त्यामुळे 1014 चा कॉन्जुगेट घेतला की व्होल्टेज जसाच्या तसा येतो आणि करंट उलट चिन्हाने येतो. बेरीज केली की करंट कटतो, वजाबाकी केली की व्होल्टेज कटतो. फ्रिक्वेन्सी सारखी की वेगळी, याचा इथे काही संबंधच नाही.

कागदावर करून बघा. x = 1, 2, 3, 4 आणि y = 1, 0, −1, 0. एफएफटी येते 10, −2+4j, −2, −2. आता बिन 1 आणि बिन 3 चा कॉन्जुगेट घ्या. बेरजेचं निम्मं −2+2j, तो x चा. वजाबाकी 4j, तिला 2j ने भागलं की 2, तो y चा. दोन्ही सिग्नल त्याच बिनमध्ये होते, तरी सुटले.

```python
Z = np.fft.fft(x + 1j*y)
R = np.conj(np.roll(Z[::-1], 1))
X = (Z + R) / 2
Y = (Z - R) / 2j
```

त्यातल्या `roll` कडे नीट लक्ष द्या. बिन 0 चा आरसा बिन 0 च असतो. आमच्या सी कोडमध्ये एकाने सरळ `Z[N-k]` लिहिलं होतं, म्हणजे k = 0 ला `Z[1024]`, ॲरेच्या बाहेर. डीसी बिन दर रीसेटला वेगळा दिसायचा आणि आम्ही दोन दिवस एडीसीचा ऑफसेट शोधत बसलो.

लायब्ररीच_वापरा
गणित मान्य, पण हातानं कशाला? कोणत्याही चांगल्या लायब्ररीत रिअल एफएफटी असते, ती साधारण निम्म्या खर्चात होते. ती दोनदा बोलावली की तेवढाच खर्च. आतमध्ये तीही हेच करते. हे हाताने लिहिणारे आपलं नाव कोडमध्ये कोरायला लिहितात आणि नंतर सांभाळायला आम्ही असतो.

मीटरवाला
नाव कोरायला लिहितात हे बोलण्यात काही अर्थ नाही. आणि "हेच करते" हेही अर्धंच बरोबर. एआरएमच्या सीएमएसआयएस लायब्ररीतली `arm_rfft_fast_f32` एकाच सिग्नलची सम आणि विषम सॅम्पल जोडून निम्म्या लांबीची कॉम्प्लेक्स एफएफटी करते. मग ती सोडवताना ट्विडल फॅक्टरने गुणाकार करावे लागतात. दोन वेगळे सिग्नल जोडले तर सोडवताना नुसत्या बेरजा-वजाबाक्या. फरक थोडा आहे, हे मी कबूल करतो. पण एफपीजीएवर जो एफएफटी कोअर मिळतो तो बहुतेकदा कॉम्प्लेक्सच असतो. तिथे इमॅजिनरी बाजूला शून्य भरणं म्हणजे अर्धं हार्डवेअर फुकट घालवणं.

रेडिओछंदी
माझ्या रिसीव्हरमधून आय आणि क्यू येतात, मी रोज `I + jQ` ची एफएफटी घेतो. मग मला हे वेगळं काढायची गरज कधीच का पडली नाही? तुमचं काहीतरी चुकतंय.

मीटरवाला
तुमचं आय-क्यू हा मुळात एकच कॉम्प्लेक्स सिग्नल आहे. तुम्हाला प्लस आणि मायनस फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या बघायच्या असतात, म्हणून तुम्ही सोडवत नाही. इथे दोन स्वतंत्र रिअल सिग्नल आहेत. प्रश्न वेगळा.

ध्वनीकाम
सोडवायची गरज नसते असंही होतं, बरं का. मी स्टीरिओवर रिव्हर्ब लावतो. डावा रिअलमध्ये, उजवा इमॅजिनरीमध्ये, दोघांना एकच रिअल इम्पल्स रिस्पॉन्स. `Z` ला थेट त्या रिस्पॉन्सच्या एफएफटीने, `H` ने, गुणतो, उलट एफएफटी घेतो, डावा-उजवा आपोआप वेगळे बाहेर पडतात. दोन्ही चॅनलला वेगळा फिल्टर असेल तेव्हा मात्र मध्येच सोडवावं लागतं.

लायब्ररीच_वापरा
हे चांगलं आहे, मानलं. पण मीटरमध्ये हीच युक्ती आमच्या अंगाशी आली होती, ते सांगतो. एका ठिकाणी लीकेज करंट मोजायचा होता, साधारण 1 मिलीॲम्पिअर पीक. व्होल्टेजसोबत जोडून सिंगल प्रिसिजन फ्लोटमध्ये एफएफटी. करंटचा फेज दर वाचनाला डोलायचा. मी सेन्सर बदलला, केबल बदलली, तीन आठवडे गेले. शेवटी दोन वेगळ्या एफएफटी लावल्या आणि डोलणं थांबलं. तेव्हापासून माझा या युक्तीवर विश्वास नाही, आणि कोणी मला अडाणी समजलं तरी चालेल.

मीटरवाला
अडाणी कोण म्हणालं? हा मुद्दा खराच आहे, आणि मी तो आधीच सांगायला हवा होता. 325 व्होल्ट पीक म्हणजे बिन 10 ला 325 × 512, सुमारे 1,66,400. एवढ्या आकड्याजवळ सिंगल फ्लोटमध्ये शेजारच्या दोन किमतींतलं अंतर 1/64, म्हणजे 0.0156. तुमचा करंट त्याच बिनमध्ये 0.001 × 512 = 0.512. दोन्ही बिनमध्ये शेवटचं एक-एक घर सरकलं तरी करंटमध्ये 3 टक्क्यांपर्यंत, फेजमध्ये जवळपास पावणेदोन अंशांपर्यंत चूक. वेगळी एफएफटी घेतली की करंटचं राउंडिंग करंटच्याच मापाने होतं. जोडली की मोठ्या भावाच्या मापाने होतं.

पण मग व्होल्ट आणि ॲम्पिअर जोडलेच का? एडीसीचे काउंट जोडा. दोन्ही चॅनलचा गेन नीट लावलेला असेल तर काउंट एकाच पातळीचे असतात. कॅलिब्रेशनचा गुणाकार सोडवल्यानंतर करा.

लायब्ररीच_वापरा
आमच्याकडे एकच गेन होता आणि लीकेज मोजक्या काउंटांत यायचा. तिथे काय करणार?

मीटरवाला
जोडण्याआधी करंटला 2 च्या घाताने मोठं करायचं, नंतर तेवढंच भागायचं. फ्लोटमध्ये त्या गुणाकाराने काहीच गमावत नाही.

लायब्ररीच_वापरा
आणि लोड चालू झाल्यावर करंट हजारपट वाढला की तुमचा घात बदलणारा कोड कोण लिहिणार? मग व्होल्टेज छोटा भाऊ होतो. युक्ती बरोबर आहे एवढं मी मान्य करतो. माझ्या मीटरमध्ये ती येणार नाही.

नवा_फर्मवेअर
सर, कागदावर करून बघितलं, चार सॅम्पलवालं जुळलं. फ्रिक्वेन्सीबद्दल मी चुकलो होतो. नमपायमध्ये y पूर्ण शून्य ठेवून x ला 325 पीकची साइन दिली, तर `Y[10]` जवळजवळ शून्य आला. बोर्डवर तेच केलं तर `Y[10]` ला छोटासा आकडा राहतो. ही इंडेक्सची चूक की तुम्ही म्हणता ते राउंडिंग?

मीटरवाला
नमपाय तिथे डबलमध्ये चालतं, म्हणून लपतं. बोर्डवर x ची उंची दहापट कमी करून बघण्यात अर्थ नाही. उरलेला आकडाही त्याच प्रमाणात कमी होईल आणि त्यावरून काही ठरणार नाही, कारण इंडेक्सची चूक आणि राउंडिंग दोन्ही x सोबत लहान होतात. `Y[10]` ला `X[10]` ने भागा. एक-दोन कोटीत एक असं काही आलं तर राउंडिंग. 1 च्या आसपास आलं तर `N-k` पुन्हा तपासा.

ध्वनीकाम
आणि चॅनल अदलाबदल करूनही बघ. x शून्य, y मध्ये साइन. चिन्हाची चूक असेल तर `Y` चा फेज बरोबर उलटा निघेल, आमच्याकडे तशीच सापडली होती.