जांगडवर गेलेला माल 31 मार्चच्या स्टॉकात धरायचा का?

मदत हवी आहे. नाशिकला भांडी बाजारात आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. 25 मार्चला जळगावच्या एका दुकानदाराला 40 समया जांगडवर पाठवल्या, पसंत नसतील तर 10 एप्रिलपर्यंत परत. भाव 1,500, आमची खरेदी 1,200. मुलाने टॅलीत सरळ 60,000 ची विक्री टाकली.

31 मार्चपर्यंत त्यांनी 10 ठेवतो म्हणून कळवलं, बाकी 30 वर काहीच बोलले नाहीत. माझ्या मते 45,000 ची विक्री आणि तेवढीच त्यांची उधारी उलटवायची, आणि त्या 30 समया खरेदीभावाने, म्हणजे 36,000 ला, शिल्लक मालात घ्यायच्या. नफा 9,000 ने उतरेल. बरोबर ना?

खरा घोळ पुढे आहे. मुरादाबादहून 80,000 चा माल 28 मार्चला ट्रान्सपोर्टला लागला, बिल खरेदीत चढलं, ट्रक आला 3 एप्रिलला. मोजणीत तो नव्हताच, म्हणजे नफा 80,000 ने कमी दिसतोय. माल ट्रान्सपोर्टला दिल्यापासून आमचा, असं ठरलेलं आहे, म्हणून स्टॉकात धरतोय. पण पोच होईपर्यंत माल त्यांचाच असं ठरलं असतं, तर खरेदीच मार्चमधून काढावी लागली असती का? (जीएसटी सगळीकडे वगळलाय.)