रूट कॅनाल झालं, मग कॅप कशाला? (सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

गोखले काका, ए-203
सुप्रभात. एक विचारायचं होतं. आमच्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल झालं, हे सगळ्यांना माहीतच आहे. ठणका गेला, बिल चुकतं केलं. काल डॉक्टर म्हणतात आता कॅप बसवा, आठ हजार वेगळे. दाढ बरी झाली ना? मग ही टोपी कुणाला घालताय?

अमोल, सी-501
काका, टोपी दाढेला आहे. निदान सांगतात तरी तसं 😂

फडके काका, बी-102
लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेत धरावे. आमच्या आईने आयुष्यभर तेच केले. दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही.

सावंत, ए-404
माझ्या मेहुण्याने रूट कॅनाल करून कॅप लावलीच नाही. सात वर्षं झाली, ठणठणीत आहे. सगळा धंदा आहे हो.

शिंदे वहिनी, बी-304
धंदा म्हणायच्या आधी आमच्या सासूबाईंना विचारा. त्याही म्हणाल्या, दुखत नाही तर कशाला. दिवाळीत चकली खाताना कट्ट आवाज आला. दाढेचे उभे दोन भाग, जीभ लावली की एक हलायचा, एक नाही. फट हिरडीच्या खालपर्यंत गेलेली. काढावी लागली. रूट कॅनालचे पैसे पाण्यात.

पाटील (सेक्रेटरी)
नम्र विनंती. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. मेंटेनन्स 10 तारखेच्या आत भरावा.

अमोल, सी-501
आणि सी विंगची लिफ्ट कितव्या तारखेच्या आत?

गोखले काका, ए-203
ते नंतर. गौरी, तू आहेस ना ग्रुपवर? त्या डॉक्टरांनी काय केलं हेच मला कळलं नाही. तोंडावर निळं रबर ताणलं, मी छताकडे बघत पडून होतो.

डॉ. गौरी, बी-401
आहे काका. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही आणि दुसऱ्या डॉक्टरच्या बिलावर इथे बोलणार नाही. काय करतात ते सांगते, त्यातच कॅपचं उत्तर आहे. आधी सांगा, गरम चहाने ठणका उठायचा आणि रात्री झोपू द्यायचा नाही, असं होतं ना?

गोखले काका, ए-203
अगदी. गार पाण्याची चूळ तोंडात धरली की बरं वाटायचं. गाडीतही बाटली घेऊन बसायचो.

कुलकर्णी, सी-202
तेव्हाच अँटिबायोटिकचा कोर्स केला असता तर नस वाचली असती. मी बोललो होतो जिन्यात.

डॉ. गौरी, बी-401
नसती वाचली, कुलकर्णी काका. कीड नसेपर्यंत पोचली की आत सूज येते. बाहेर सूज आली तर गाल फुगतो, पण दाताच्या आत फुगायला जागा नसते. म्हणून एवढा ठणका. या अवस्थेत अँटिबायोटिकचा उपयोग नाही. गालावर सूज, ताप असं काही असेल तर गोष्ट वेगळी.

मग आधी भूल. खालच्या दाढेसाठी सुई जबड्यात मागे देतात, म्हणून त्या बाजूचा अर्धा ओठही बधिर होतो. ते निळं रबर म्हणजे रबर डॅम. त्यातून फक्त तुमची दाढ वर येते. थुंकीतले जंतू आत जाऊ नयेत आणि आतली औषधं, बारीक सुया घशात जाऊ नयेत म्हणून. तुमच्या डॉक्टरांनी लावलं हे चांगलंच केलं. कंटाळा म्हणून न लावणारेही असतात.

फडके काका, बी-102
लवंगेचे तेल कापसावर घेऊन दाढेत धरावे. सुई नको, रबर नको.

डॉ. गौरी, बी-401
त्यानंतर कीड कोरून काढतात आणि दाढेला वरून छिद्र पाडून नसेच्या खोलीचं छत उघडतात. हे छिद्र लक्षात ठेवा काका, पुढे कामाला येईल. तळाशी नळ्यांची तोंडं दिसतात. खालच्या मोठ्या दाढेत बहुतेक वेळा तीन, दोन पुढच्या मुळात आणि एक मागच्या. कधी चौथी असते आणि ती सुटली तर दुखणं राहतं, म्हणून शोधावी लागते.

नळीत घालायच्या सुयांना फाइल म्हणतात. सुरुवातीच्या फाइलचं टोक साधारण 0.1 मिलिमीटर. आधी नळीची लांबी मोजतात. ओठाला एक आकडा अडकवला होता, मशीन टीं टीं वाजत होतं?

गोखले काका, ए-203
होय! मला वाटलं ब्लड प्रेशर बघतायत.

डॉ. गौरी, बी-401
ते लांबी सांगणारं मशीन. फाइल मुळाच्या टोकाजवळ आली की आवाज बदलतो, पुन्हा एक्स-रेने खात्री करतात. टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर आधी थांबायचं असतं. फार अलीकडे थांबलं तर घाण राहते, पुढे गेलं तर हाडात टोचतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोकांना वाटतं फाइलने घासलं की साफ झालं. नळ्या सरळ गोल नसतात, त्यांना फाटे, चपटे कोपरे असतात आणि फाइल तिथे पोचत नाही. फाइल वाट रुंद करते, स्वच्छता करतं औषध. सोडियम हायपोक्लोराइटने पुन्हा पुन्हा धुतात. उरलेलं नसेचं तंतूतंतू मांस ते विरघळवतं, जंतू मारतं. खुर्चीत जो वेळ जातो त्यातला बराचसा या धुण्यात जातो.

अमोल, सी-501
म्हणजे तो पोहण्याच्या तलावासारखा वास आला तो?

डॉ. गौरी, बी-401
तोच. पाणी शुद्ध करायला वापरतात त्यातलंच.

सावंत, ए-404
मग ते आपल्या टाकीत कधी टाकणार? गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींनी सांगावं. पाण्यात हिरवट येतंय.

पाटील (सेक्रेटरी)
टाकी वेळेवर धुतली आहे. फोटो जुन्या ग्रुपवर टाकले होते. ज्यांनी तेव्हा ग्रुप सोडला त्यांना दिसणार नाहीत.

सावंत, ए-404
ग्रुप मी का सोडला हे सगळ्यांना माहीत आहे. पार्किंगचा विषय काढू का?

शिंदे वहिनी, बी-304
अहो नका काढू. गौरी, तू सांग ग. पहिल्या बैठकीनंतर सासूबाईंची दाढ दोन दिवस जास्तच दुखत होती. नस काढल्यावर दुखेलच कसं, असं त्या भांडत होत्या.

डॉ. गौरी, बी-401
नस गेली तरी मुळाभोवतीचा धागा, हाड जिवंतच असतं वहिनी. काम केल्यावर ते चिडतं. दोन-तीन दिवस चावताना दुखलं तर साध्या गोळीने भागतं. सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना, तर डॉक्टरला लगेच फोन.

नळ्या स्वच्छ आणि कोरड्या झाल्या की त्यात गटापर्चाच्या काड्या आणि सिमेंट दाबून भरतात. गटापर्चा म्हणजे झाडाच्या चिकापासून होणारा रबरासारखा पदार्थ. एक्स-रेत पांढऱ्या रेषा दिसतात त्या याच. कुणाचं एका बैठकीत होतं. जंतुसंसर्ग जास्त असला की मध्ये औषध भरून काही दिवस थांबतात आणि वरून तात्पुरतं सिमेंट लावतात. त्या सिमेंटला बऱ्याचदा कसला वास येतो सांगू, फडके काका? लवंगेच्या तेलाचा. तेच असतं त्यात. लवंग नस थोडा वेळ गप्प करते, खोटं नाही. खालची कीड तशीच राहते.

फडके काका, बी-102
म्हणजे लवंगेचे तेल बरोबर आहे. मी तेच म्हणत होतो. 🙏

गोखले काका, ए-203
फडके, एक मिनिट. गौरी, एवढं सगळं भरलं, बंद केलं. मग कॅप?

डॉ. गौरी, बी-401
बंद केलं ते आतून. आता वरचं बघा. आधी किडीने दाढेची एक कड खाल्ली, बहुतेक वेळा शेजारच्या दाढेला चिकटलेली. मग आपण छतात छिद्र पाडलं. दाढेच्या पुढच्या-मागच्या कडा लाकडी पिंपाच्या पट्ट्यांसारख्या असतात, भिंतींना एकत्र आवळून धरतात. त्या गेल्या की उंचवटे सुटे सुटे उभे. चावताना वरच्या दाढेचा उंचवटा मधोमध घुसतो आणि भिंतींना बाहेर ढकलतो. रोज, प्रत्येक घासाला. एक दिवस चकली निमित्त होते. वहिनींच्या सासूबाईंचं हेच झालं असणार.

नस काढली की दात वाळून ठिसूळ होतो असं लोक म्हणतात. त्यात फारसं तथ्य नाही. दाढ कमजोर होते ती दाताचा भाग गेल्यामुळे. कॅप सगळे उंचवटे वरून झाकून एकत्र धरते. आडवी फुटली आणि हिरडीच्या वर थांबली तर दाढ वाचवता येते, पण उभी चीर मुळात उतरली की काढण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरं, तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतं. ते झिजलं की लाळ आत झिरपते, जंतू पुन्हा नळ्यांपर्यंत, आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून आधी पक्कं भरण, त्यावर कॅप.

सावंत, ए-404
मग मेहुण्याचं काय? सात वर्षं?

डॉ. गौरी, बी-401
कुठला दात होता?

सावंत, ए-404
वरचा, पुढचा. क्रिकेटचा बॉल लागला होता.

डॉ. गौरी, बी-401
मग बरोबरच आहे. पुढचा दात चावत नाही, तोडतो. कीड नसेल तर मागून छोटं छिद्र असतं, बाकी दात शाबूत. तिथे नुसतं भरण पुरतं. कॅप सरसकट लागते असं मी म्हणतच नाही. दाढेलाही कधी पूर्ण कॅपऐवजी फक्त उंचवटे झाकणारं अर्धं झाकण चालतं. किती दात शिल्लक आहे त्यावर आहे सगळं.

कुलकर्णी, सी-202
पण कॅप लावायला चांगला दात घासून लहान करतात. तो तोटाच ना?

डॉ. गौरी, बी-401
आहेच तोटा. दाताच्या रंगाच्या कॅपला वरून दीड-दोन मिलिमीटर घासावं लागतं. नुसत्या धातूच्या कॅपला कमी. मग माप घेतात, प्रयोगशाळेतून येईपर्यंत तात्पुरती कॅप. आणि कॅप बसली म्हणजे कीड लागणार नाही असं नाही, हिरडीजवळच्या सांध्यात लागू शकते. तिथे ब्रश नीट फिरवायचा.

काका, कॅप येईपर्यंत दुसऱ्या बाजूने चावा. बसवल्यावर रंगीत कागद चावायला देतात, तेव्हा ती दाढ इतरांच्या आधी टेकतेय असं वाटलं तर तिथेच सांगा. सवय होईल म्हणून उठून येऊ नका, उंच राहिलेली कॅप आठवडाभर दाढ दुखवत राहते.

गोखले काका, ए-203
बरं. मग धातूचीच विचारतो. स्वस्त पडेल आणि घासायलाही कमी.

अमोल, सी-501
हसताना चमकेल काका.

गोखले काकू, ए-203
धातूचीच बसवा. हे हसतात कधी?