गाडीतल्या जेवणाचे जादा पैसे घेतले: तक्रारीच्या ईमेलात काय लिहू?

सात_रस्ता: सोलापूरहून पुण्याला निघालो होतो, एस-५ डबा. कुर्डुवाडी सुटल्यावर पँट्रीवाल्याकडून एक साधं व्हेज जेवण घेतलं. १३० रुपये घेतले. बिल मागितलं तर दिलं, पण त्यावर ‘व्हेज मील ८०, पनीर ५०’. पनीर मागितलंच नव्हतं, आलंही नाही. दरपत्रकात ८० आहे. ईमेल कसा लिहू?

कडक_भाकरी: बिल नाही तर जेवण फुकट, असा रेल्वेचाच नियम आहे की! सरळ १३० मागा.

होटगी_सिग्नल: नियम खरा, पण इथं लागू नाही. बिल दिलंय ना त्यानं. मागायचे ते ५०.

‘जेवण महाग दिलं’ असं लिहू नका. उत्तर येईल, पनीर वेगळं घेतलंत, प्रकरण बंद. तक्रार अशी हवी की न मागितलेला आणि न दिलेला पदार्थ बिलात चढवला. दरपत्रक जोडताना गाडीतलंच जोडा, स्टेशनवरच्या स्टॉलचं नको. तिथं हेच जेवण ७० ला आहे, आणि चुकून ते जोडलं तर तुमचाच आकडा चुकतो. ८० मध्ये भात, डाळ, मिक्स भाजी, दही, चार चपात्या किंवा दोन पराठे आणि लोणच्याचं पाकीट येतं. जीएसटीही त्यातच.

साधारण असं लिहा:

> विषय: जेवणाचे ५० रुपये जादा घेतले – गाडी क्र. …, एस-५, पीएनआर …
>
> मी … तारखेला सोलापूरला चढलो. कुर्डुवाडीनंतर सुमारे … वाजता एस-५, बर्थ … वर एक व्हेज जेवण घेतलं. दर ८०, घेतले १३०. बिल क्र. … मध्ये ‘पनीर ५०’ लावलं आहे. पनीर मागितलं नव्हतं, मिळालंही नाही. ५० रुपये परत करावेत. सोबत: बिल, दरपत्रक, पैसे दिल्याची पावती.

शेंगाचटणी: डब्यावर बाहेर रंगवलेला लांबलचक नंबर असतो, तो पण लागतो ना?

होटगी_सिग्नल: नाही ओ. तिकिटावरचा एस-५ आणि बर्थ पुरे. त्यावरूनच त्या भागात कोण वाढत होता ते शोधतात. घोटाळा तारखेत होतो. गाडी आदल्या दिवशी दुसरीकडून सुटली असेल, तर त्यांच्या नोंदीत तीच तारीख असते. म्हणून दोन्ही तारखा लिहा, पीएनआर तर लिहाच.

बाळे_नाका: मी ॲपवरून हॉटेलचं जेवण मागवलं होतं, सोलापूर स्टेशनला सीटवर आलं. २१० लागले. मलाही परत मिळतील का?

होटगी_सिग्नल: तुमचं वेगळं. तिथं दर हॉटेलचा, मागवताना दिसतो तो. पँट्रीचं दरपत्रक त्याला लागत नाही.

सात_रस्ता: पैसे यूपीआयनं दिले, नाव कंपनीचं नाही, कुणा माणसाचं दिसतंय. थाळीचा फोटो मात्र काढला नाही.

होटगी_सिग्नल: ते नाव आणि व्यवहार क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट जोडाच. बिलाचा फोटो आजच काढा, तो कागद खिशात फिका पडतो. आणि हेच सगळं ‘रेल मदद’वर पीएनआर टाकून नोंदवा, तिथला तक्रार क्रमांक ईमेलात घाला. फोटो नाही म्हणजे ‘पनीर दिलं होतं’ असं तो म्हणणारच. शेजारच्या बर्थवर कोण होतं, त्यांचा नंबर आहे का?

सात_रस्ता: दौंडला उतरले ते. बघतो, ग्रुपमध्ये कुणाकडं असेल तर.