मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलाचा कान वारंवार दुखतो, ग्रोमेट बसवावे का?

ओमचा_बाबा: मुलाला जूनपासून चार वेळा कानाचा संसर्ग झाला असून प्रत्येक वेळी सर्दीनंतर दोन-तीन दिवसांनी ताप आणि रात्रीचे रडणे सुरू होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन्ही पडद्यांमागे पाणी दिसले आणि सहा आठवड्यांनी पडद्याची हालचाल मोजणारी टिम्पॅनोग्राम चाचणी केली, तर तिची रेषाही सपाटच आली, म्हणजे पाणी तसेच होते. एक डॉक्टर थांबा म्हणतात, तर दुसरे लगेच ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी, सुचवतात. असे वारंवार का होते आणि शस्त्रक्रिया नेमकी केव्हा करावी?

सुलभाताई: आंघोळीचे पाणी कानात जात असणार. कापसाचा बोळा लावावा. शिवाय झोपवून बाटलीने दूध पाजू नये.

डॉ_कान_नाक_घसा: ताई, बाटलीचे आपले म्हणणे योग्य आहे, परंतु पडदा शाबूत असताना आंघोळीचे पाणी मधल्या कानापर्यंत पोहोचत नाही. तेथील वाट नाकामागून येणाऱ्या नळीतून आहे. लहान मुलांत ही नळी आखूड, अधिक आडवी आणि मऊ असते. सर्दीने किंवा नाकामागच्या वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथीमुळे तिचे तोंड सुजले की आत हवा जात नाही, पाणी साचते आणि त्यात जंतू वाढतात. पाळणाघरातल्या सर्द्या आणि घरातील सिगारेटचा धूर यांनी त्यात भर पडते.

आता ओमबद्दल. सहा महिन्यांत तीन किंवा वर्षात चार संसर्ग झाले की ग्रोमेटचा विचार सुरू होतो. मात्र तपासणीच्या वेळी पडद्यामागे पाणी नसेल, तर आम्ही सहसा थांबतो, कारण नळी काम करते आहे असा त्याचा अर्थ होतो. ओमच्या कानांत पाणी आहे, पण त्याला अजून तीन महिने झालेले नाहीत आणि पुष्कळ मुलांत ते या काळात आपोआप ओसरते. त्याला ऐकू कसे येते?

ओमचा_बाबा: समोरून बोललेले समजते, परंतु मागून हाक मारल्यास बहुधा वळत नाही. दोन शब्द जोडून बोलतो.

डॉ_कान_नाक_घसा: मग श्रवणचाचणी आताच करून घ्यावी. जानेवारीतही दोन्हीकडे पाणी राहिले आणि ऐकणे कमी भरले, तर मी ग्रोमेटच्या बाजूने असेन. बोलणे मागे पडत असेल, तर तेवढेही थांबणार नाही.

निखिल_ठाणे: माझ्या पडद्याला भोक आहे आणि डॉक्टर ते बुजवायला सांगतात. मग येथे मुद्दाम भोक का पाडायचे?

डॉ_कान_नाक_घसा: आपला प्रश्न वेगळा आहे. ग्रोमेटची बारीक नळी आत हवा जाऊ देते, बहुधा सहा ते अठरा महिन्यांत आपोआप गळून पडते आणि छिद्र भरून येते. क्वचित ते राहून जाते. मधूनमधून कान वाहू शकतो, तेव्हा बहुधा थेंब पुरतात.

मीरा_पुणे: आमच्या मुलीला ग्रोमेटनंतर आठवडाभरात मिक्सरचा आवाज मोठा वाटू लागला. संसर्गही थांबले.

डॉ_कान_नाक_घसा: ऐकण्यातला फरक ग्रोमेटमुळेच, संसर्गाबाबत मी सावध राहीन. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांखालील मुलांत, ग्रोमेट बसवा किंवा प्रत्येक वेळी औषध द्या, दोन वर्षांतील संसर्गांची संख्या जवळपास सारखीच निघाली. वय वाढले की नाकामागची नळीही सुधारते.

ओमचा_बाबा: श्रवणचाचणी सोमवारी ठरवली आहे. मात्र जानेवारीपर्यंत पाचवा संसर्ग झाला, तर थांबण्याचा निर्णय बदलावा का?