कापड दुकानाचं २०२६-२७ चं विक्री बजेट: गर्दी मोजून की मागच्या वर्षावरून?

धागाकर्ता: तालुक्याच्या पेठेत साड्या-ड्रेसचं दुकान आहे. वर्षाचं विक्री बजेट दारातली गर्दी मोजून बांधावं, की मागच्या वर्षीच्या प्रत्येक महिन्यावर दहा टक्के चढवावेत?

पेठकर: दहा टक्के चढवा. गर्दी फसवी असते. चार बायका येतात, साडी एकच घेतात. बिलबुक खोटं बोलत नाही.

हिशेबनीस: म्हणूनच डोकी मोजायची नाहीत, एकत्र आलेला घोळका एक धरायचा. साध्या दिवशी ६० घोळके आले, २४ बिलं झाली, सरासरी बिल १,०५० रुपये, असं धरू. त्यातले ५० रुपये जीएसटीचे, ते आपलं उत्पन्न नव्हे. म्हणजे रोज २४,०००, आणि २६ दिवसांचे ६,२४,०००. मात्र लग्नाचा बस्ता यात मिसळू नका. २३ बिलं ९०० ची आणि एक बस्ता ४०,००० चा झाला, तर सरासरी अडीच हजारांवर जाते आणि तसं गिऱ्हाईक दुकानात एकही नसतं. बस्त्यांची ओळ वेगळी: किती बस्ते, प्रत्येकी किती.

किराणावाला: आमची विक्री बरी आहे, पण उधारी अडकते. बजेटात विक्री लिहायची की वसुली?

हिशेबनीस: विक्रीच. वसुलीचा तक्ता वेगळा करा, नाहीतर गिऱ्हाईक घटलं की पैसे अडकले, हे कळणारच नाही.

पेठकर: ठीक, पण सणांचं काय? तिथे मागचं वर्षच लागतं ना?

हिशेबनीस: लागतं, पण इंग्रजी महिन्याने नाही, सणाने. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ला, दोन्ही एकाच महिन्यात. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तुमचे दहा टक्के ऑक्टोबरला चढले, तर तो महिना पडल्यासारखा दिसेल आणि नोव्हेंबरला माल कमी पडेल. दिवाळीआधीचे तीन आठवडे उचलून नव्या तारखांवर ठेवा. आणि त्या आठवड्यांची गर्दी मोजलेली असेल, तर तिला पुन्हा सणाच्या पटीने गुणू नका.

काउंटरवरची: मी साड्यांच्या काउंटरला असते. दिवाळीआधीच्या रविवारी गर्दी दुप्पट होते, बिलं होत नाहीत. साड्या उलगडून दाखवायला हात तेवढेच. लोक ताटकळून निघून जातात.

हिशेबनीस: मग त्या दिवसांना शंभरात चाळीस बिलं धरू नका, तीस धरा. १२० घोळक्यांत ४८ नाही, ३६.

पेठकर: आणि १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. लग्नं नाहीत. तिथे शून्य लिहा.

हिशेबनीस: शून्य बस्त्यांच्या ओळीत. जावयाच्या धोंड्याचे कपडे, लेकीची साडी हे असतंच. अडलेले बस्ते मात्र आधी एप्रिलमध्ये येतील की जूनअखेरीस, हे तुमच्या गावच्या मंगल कार्यालयांचं बुकिंग विचारून ठरवा.

पेठकर: आमच्याकडे ते एप्रिलमध्येही येत नाहीत, बस्त्याला लोक थेट पुण्याला जातात. मी शून्यच धरणार.